जागा बदलली आणि क्रोटनने पानं टाकली: आता नेमकं काय करायचं

डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या नर्सऱ्यांत क्रोटन सगळ्यात जास्त डोळ्यांत भरतो. लाल, केशरी, पिवळी, काळपट जांभळी अशी पानं, बुंध्यापर्यंत गच्च भरलेली. घरी आणून हॉलमध्ये ठेवला की आठवड्याभरात खालची पानं पडायला लागतात, महिन्याभरात वर जेमतेम झुपका उरतो आणि जी पानं टिकतात त्यांचाही रंग उतरतो. मग कुणी म्हणतं खत घाला, कुणी म्हणतं कुंडी बदला, कुणी म्हणतं नर्सरीवाल्याने फसवलं. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. झाडाला अपुरा प्रकाश, थंडी आणि कोरडेपणा या तिन्हींपैकी काहीतरी लागलेलं असतं, कधीकधी तिन्ही एकदम. कशाचा फटका बसलाय हे ओळखलं तर झाड सहसा वाचतं. न ओळखता रोज नवा उपाय केला तर मात्र हमखास जातं.

आधी पडलेली पानं उचलून बघा

पाणी घालण्याआधी, कुंडी हलवण्याआधी हे करा. पडलेली पानं केराच्या टोपलीत टाकू नका, हातात घ्या.

फक्त खालची आणि आतल्या बाजूची पानं आधी पिवळी पडून, एकेक करून गळत असतील तर प्रकाश कमी पडतोय. पानं चांगली टवटवीत, रंगीत असतानाच एका रात्रीत पाच-सहा पडली, काहींवर पाण्याने भिजल्यासारखे गडद डाग दिसले, तर थंडीवर संशय घ्या. पानांनी आधी माना टाकल्या, कडा कुरकुरीत झाल्या आणि मग ती गळली, तर मुळांना पाणी मिळत नाहीये. पानं पिवळी आणि मऊ, लिबलिबीत असतील आणि कुंडीच्या मातीला कुबट वास येत असेल, तर पाणी जास्त झालंय.

ही चार चित्रं कायम इतकी स्वच्छ वेगळी दिसतील असं नाही. पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

पान पडतं म्हणजे वाऱ्याने तुटतं असं नव्हे, झाड ते स्वतः सोडतं. पान ठणठणीत असतं तोवर त्याच्याकडून देठाकडे एक संप्रेरक सतत येत राहतं आणि त्यामुळे देठाचा सांधा घट्ट राहतो. प्रकाश घटला, थंडी बसली किंवा पाणी तुटलं की हा पुरवठा मंदावतो, इथिलीन वायूचा जोर वाढतो आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सुटा होतो. म्हणून गळलेल्या पानाच्या देठाचं टोक स्वच्छ, गुळगुळीत दिसतं. ही क्रिया सुरू झाल्यावर पान दिसायला चांगलं असलं तरी ते काही दिवसांनी पडणारच. आज केलेल्या सुधारणेनंतरही दोन-तीन आठवडे पानं पडत राहतात ती यामुळेच. नेमक्या याच काळात माणसं घाबरून पुढचे चार उपाय करून टाकतात.

फांदी जिवंत आहे का?

नखाने बुंध्याची साल अगदी थोडी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. थोडा पांढरा चीकही येईल. आत तपकिरी आणि कोरडं लागलं तर थोडं खाली जाऊन पुन्हा खरवडा. वरचा भाग सुकूनही खालचा बुंधा जिवंत असू शकतो. चीक कातडीला लागला तर खाज येते आणि कपड्यावरचा डाग जाता जात नाही, त्यामुळे हात लगेच धुवा. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर असेल तर कुंडी उंचावरच ठेवा, हे झाड पोटात जाण्यासारखं नाही.

प्रकाश: डोळे फसतात

क्रोटनच्या रंगाचं सगळं गणित इथे आहे. पानात हिरवं हरितद्रव्य असतं आणि त्याच्या जोडीला पिवळी-केशरी आणि लाल-जांभळी रंगद्रव्यं असतात. भरपूर उजेडात झाड ही रंगद्रव्यं सढळ हाताने बनवतं. उजेड कमी झाला की पोट भरण्यासाठी हरितद्रव्य वाढवतं आणि लाल रंगावरचा खर्च थांबवतं. म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यातला क्रोटन जगला तरी हिरवट होऊन जगतो.

उतरलेला रंग जुन्या पानावर पूर्ववत होत नाही. चांगला प्रकाश दिल्यावर नवीन पानं रंगीत येतात, आणि जुन्यांकडून तेवढी अपेक्षा ठेवायची नाही. आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. पेट्रासारख्या अनेक जातींत कोवळं पान मुळात हिरवट-पिवळंच निघतं आणि पिकत जाताना लाल-केशरी होतं. तेव्हा शेंड्याला हिरवं पान दिसलं म्हणून लगेच जागा बदलू नका. तेच पान पूर्ण वाढल्यावरही हिरवंच राहिलं तर प्रकाश कमी आहे असं समजा.

आता फरक किती असतो बघा. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. नर्सरीतल्या ५० टक्के हिरव्या जाळीखाली तो निम्म्यावर येतो, तरीही चाळीस-पन्नास हजार. खिडकीपासून दहा फुटांवर, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात दोन-तीनशे लक्स मिळाले तरी पुष्कळ. आपले डोळे लगेच जुळवून घेतात, म्हणून तो कोपरा ‘चांगला उजेडाचा’ वाटतो. झाडाच्या लेखी मात्र एका दिवसात जेवण शंभराव्या हिश्शाच्याही खाली आलेलं असतं. तिकडच्या उजेडासाठी घडलेली पानं इथे स्वतःचा खर्चही भागवू शकत नाहीत, म्हणून झाड ती सोडून देतं.

मोजायला यंत्र नको. सकाळी अकराच्या सुमारास, कुंडी ठेवायची त्या जागी पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर उंचीवर तळहात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर जागा क्रोटनला चालेल. सावली पुसट पण ओळखू येण्यासारखी असेल तर पिवळ्या ठिपक्यांचा गोल्ड डस्ट कसाबसा तग धरेल, लाल जाती रंग सोडतील. सावलीच दिसत नसेल तर तिथे मनी प्लांट ठेवा.

पुण्यातल्या गॅलऱ्यांचं म्हणाल तर पूर्वेची सगळ्यात चांगली. वर्षभर सकाळचं कोवळं ऊन मिळतं. दक्षिणेची गॅलरी हिवाळ्यात उत्तम, कारण डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ऊन आत फरशीपर्यंत येतं. मेच्या मध्यावर तोच सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते आणि तीच गॅलरी तुलनेने अंधारी होते. कुंडी तेव्हा कठड्याजवळ सरकवावी लागते. पश्चिमेला मार्चपासून दुपारचं ऊन पानं भाजून काढतं, तिथे जाळी हवीच. उत्तरेची गॅलरी हिवाळ्यात थंड आणि उन्हाविना असते. क्रोटनसाठी ती सोडून द्या.

थंडी: पुण्याच्या रात्री विसरू नका

क्रोटन मूळचा इंडोनेशियाची पूर्वेकडची बेटं, न्यू गिनी, उत्तर ऑस्ट्रेलिया या उष्ण आणि दमट पट्ट्यातला. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत येणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून, गोदावरीच्या काठच्या दमट हवेतून, ट्रकने येतात. १५ अंशांच्या वर रात्र असेल तर त्याची तक्रार नसते. बारा-तेराच्या खाली वाढ थांबते आणि दहाच्या आसपास सलग काही रात्री गेल्या की पानगळ सुरू होते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बाराला सहज येतो आणि थंडीची लाट आली की शिवाजीनगरलाही त्याखाली जातो. पाषाणसारख्या मोकळ्या भागात अजून खाली. दुपारी मात्र तीस अंशांच्या जवळ, म्हणून आपल्याला थंडी ‘फार नाही’ असं वाटतं. झाड दुपारी स्वेटर काढत नाही, त्याला सगळा हिशेब रात्रीचा.

थंडीत खरा घोटाळा मातीत होतो. माती गार पडली की मुळं पाणी उचलत नाहीत. खाली ओल असूनही पानं मान टाकतात. आपण पाहतो, म्हणतो तहानलंय, आणि अजून एक तांब्या ओततो. गार, चिंब मातीत मुळं कुजतात आणि मग खरंच पाणी वर जात नाही. थंडीत क्रोटन जातो तो थंडीने कमी आणि या जादाच्या पाण्याने जास्त.

करायचं इतकंच: रात्रीची कुंडी काचेच्या आत, पण दिवसा जिथे ऊन मिळतं त्याच खिडकीशी. पान काचेला टेकता कामा नये, काच गार पडते. कुंडी थेट फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवा. पाणी सकाळी दहा-अकरानंतर द्या, गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं गार पाणी नको. आत-बाहेर करायची रोजची कसरत मला पटत नाही. झाड हलवणं हाच मुळात त्रास आहे. एकदा खिडकी ठरवली की जानेवारी संपेपर्यंत तीच.

कोरडेपणा दोन जागी असतो

पहिला कुंडीच्या आत. नर्सरीतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवती बहुधा लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो आणि त्याभोवती नर्सरीवाला कोकोपीट किंवा भुसभुशीत माती भरून कुंडी सजवतो. वरून घातलेलं पाणी सैल भागातून झरकन खाली जातं, ताटलीत दिसतं, आपल्याला वाटतं पाणी भरपूर झालं. गोळा आतून खडखडीत राहतो. तपासायला खराट्याची एक हिराची काडी बुंध्यापासून दोन बोटांवर खोल घुसवा, पाच मिनिटांनी काढा. ओल असेल तर काडी गडद होते आणि तिला माती चिकटते. काडी आत जातच नसेल, तर गोळा वाळलाय.

असं झालं असेल तर कुंडी बादलीत ठेवून पाण्याची पातळी मातीच्या किंचित वर येईल इतकं साधं, न गारठलेलं पाणी भरा. बुडबुडे येणं थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास ठेवा. मग बाहेर काढून तासभर निथळू द्या आणि ताटलीत साठलेलं पाणी ओतून द्या. हे एकदाच करायचं, तेही दुपारी. त्यानंतर काडी वरचे दोन बोटं कोरडी येईल तेव्हाच पाणी. हिवाळ्यात आठ इंची कुंडीला ही वेळ साधारण पाच-सात दिवसांनी येते, पण दिवस मोजण्यापेक्षा काडी बघा.

दुसरा कोरडेपणा हवेत. पुण्याची हवा पावसाळा संपला की सुकत जाते आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या दुपारी तर ओठ फुटतात. अशा हवेत पानातून पाणी भराभर उडतं. मुळं तेवढं पुरवू शकत नसतील तर पानांच्या कडा करपतात. पंख्याच्या थेट खाली किंवा एसीच्या झोतात कुंडी असेल तर हे दुप्पट वेगाने होतं.

लोक यावर फवारा मारतात. त्याचा परिणाम काही मिनिटं टिकतो आणि बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग राहतात. त्यापेक्षा चार-पाच कुंड्या जवळजवळ ठेवा, त्यांच्यामधली हवा थोडी ओलसर राहते. झाड फारच उघडं पडलं असेल तर त्यावर मोठी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी सैलसर घाला, रोज तासभर उघडा. पिशवीवर थेट ऊन मात्र येऊ देऊ नका, आत झाड शिजेल.

कोरड्या हवेचा एक भाऊबंद म्हणजे लाल कोळी. डोळ्यांना नीट दिसत नाही. पान फिकट, बारीक ठिपक्यांचं, धूळ बसल्यासारखं वाटतं. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. नळीने पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोर मारून धुवा आणि तीन-चार दिवसांच्या अंतराने दोनदा पुन्हा करा, कारण अंड्यांतून नवे निघतात. लाल कोळी असताना रंग उतरला म्हणून फक्त ऊन वाढवलंत तर कोळ्याचंच फावतं.

एक प्रत्यक्ष उदाहरण

आमच्या सोसायटीतल्या काकूंनी डिसेंबरच्या मध्यावर सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून अडीच फुटी पेट्रा आणला. हॉलमध्ये चपलांच्या कपाटाशेजारी ठेवला. आठ दिवसांत खालची पानं पिवळी होऊन पडली, तेव्हा त्यांनी ‘हवा लागू दे’ म्हणून तो उत्तरेच्या गॅलरीत काढला. नेमकी त्याच आठवड्यात थंडी वाढली. दोन रात्रींत वरची लाल पानंही खाली.

“अगं, रोज सकाळी एक तांब्या पाणी घालते मी, तरी हा असा!” काकू म्हणाल्या.

तांब्याचं पाणी ताटलीत साचलं होतं आणि काडी बुंध्याजवळ दोन इंचांवर अडली. म्हणजे पहिली पानगळ उजेडाची, दुसरी थंडीची, आणि गोळा सगळा वेळ तहानलेला. बुंधा खरवडला तर आत हिरवा. शेंड्याला नऊ-दहा पानं शिल्लक होती.

दुपारी कुंडी बादलीत बुडवून काढली. मग पूर्वेच्या खोलीत, काचेपासून वीतभर आत, जुन्या पाटावर ठेवली. ताटलीतलं पाणी काढायचं, काडी बघूनच पाणी द्यायचं आणि कुंडी हलवायची नाही, एवढंच ठरलं. काकूंना कुंडी बदलायची फार घाई होती. त्यांना थांबवलं, कारण कुंडी बदलताना बारीक मुळं तुटतात आणि पाणी उचलायचं काम तीच करतात. खतही नाही. नवी वाढ नसताना घातलेलं खत मातीत क्षार होऊन साचतं आणि मुळांनाच जाळतं.

नंतरही पाच पानं पडली. काकू दर वेळी दार वाजवायच्या. जानेवारी तसाच गेला, झाड नुसतं उभं. फेब्रुवारीच्या शेवटी रात्री उबदार झाल्या आणि उघड्या बुंध्यावर, जुन्या पानांच्या खुणांच्या वर, डोळे फुगायला लागले. मार्चमध्ये हिरवट पानं निघाली. काकूंना ती बघून वाईट वाटलं, पण एप्रिलमध्ये त्यांच्या शिरा पिवळ्या झाल्या, मग कडेने केशरी चढला. बुंध्याचा खालचा फूटभर मात्र अजूनही रिकामाच आहे.

नवी पालवी आल्यावर

रात्री १५ अंशांच्या वर गेल्या आणि डोळे फुटले की पुढची कामं. उंच काडी झालेला क्रोटन छाटायचा असेल तर हीच वेळ. हवी त्या उंचीवर, पानाच्या खुणेच्या थोडं वर, धारदार कात्रीने कापा, चीक पाण्याने धुवून टाका. कापाच्या खालून दोन-तीन फांद्या फुटतात आणि झाड भरतं. आठ इंची कुंडीला मूठभर गांडूळ खत महिन्यातून एकदा पुरतं. मुळं तळाच्या भोकातून डोकावत असतील तर कुंडी आता बदला, दोन इंच मोठी, त्याहून मोठी नको. मोठ्या कुंडीतली जादा माती ओली राहते.

बाहेर काढायचा असेल तर सावकाश. घरात वाढलेली पानं थेट उन्हात दिली तर एका दुपारीत पांढरी-तपकिरी होरपळतात. आधी चार-पाच दिवस सकाळचं तासभर ऊन, मग दोन तास, असं करत दोन-तीन आठवड्यांत नेहमीच्या जागी. पश्चिमेला ठेवणार असाल तर एप्रिल-मेमध्ये ५० टक्के जाळी लावा. रंग फिकट, राखाडी, धुतल्यासारखा दिसायला लागला तर ऊन जास्त होतंय. कमी उजेडात रंग हिरवा होतो, जास्त उन्हात विटतो, हा फरक लक्षात ठेवा.

जून ते सप्टेंबर क्रोटनची मजा असते. उबदार, दमट हवा त्याला माहेरची. ढगाळ दिवसांतही गॅलरीत हॉलपेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो, त्यामुळे पावसाळ्यात आत आणू नका, फक्त ताटली काढून टाका म्हणजे पाणी साचणार नाही. आणि हिवाळ्याची खिडकी दिवाळीच्या आसपासच ठरवून कुंडी तिथे आणून ठेवा. रात्री अजून गारठलेल्या नसतात, झाड वाढीत असतं, दोन-चार पानं पडली तरी भरून काढतं.